सांधा खाली सरकत नाही

माझ्यात एक खोट आहे आणि ती मी आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी बोट दाखवायला नको. मला थांबता येत नाही. चहा उकळेपर्यंत मी तीनदा झाकण उघडते. रांगेत उभी राहिले की पुढच्या माणसाला ढकलावंसं वाटतं. नवरा म्हणतो, "तुझ्या पायाला भिंगरी लावूनच धाडलंय तुला." आणि अशा बाईला काम काय मिळालं, तर झाडं किती वाढली ते बघायचं! नर्सरीत नोंदवही माझ्याकडे. कुठली कलमं कधी बांधली, किती जगली, किती वाढली, सगळं मी लिहायचं. गेली अकरा वर्षं लिहितेय. पण हे जे सांगतेय ते माझं नाही, आक्काचं आहे. मी त्यात फक्त घोळ घातला.

आक्का आमच्याकडे कलमं बांधते. सव्वीस वर्षं एकाच टेबलाशी, खिडकीजवळच्या. ते टेबल तिचं नाही, नर्सरीचंच, पण तिथं दुसरं कुणी डबासुद्धा ठेवत नाही. काम ऐकायला सोपं. मुळांवर उभं असलेलं रोप असतं, त्याला आम्ही खुंट म्हणतो. तो वरून छाटायचा, मधोमध चीर द्यायची, चांगल्या जातीच्या झाडाची काडी दोन्ही बाजूंनी तासून तिची पाचर करायची, ती चिरेत बसवायची आणि त्या सांध्यावर टेप गुंडाळायची. झालं. मी एकदा करून पाहिलं. दहापैकी नऊ मेली. दहावं आक्काने माझ्या नकळत सोडून परत बांधलं होतं, हे मला चार वर्षांनी कळलं.

बोलायला आक्का फटकळ. मला ती घाईबाई म्हणते. "ए घाईबाई, काडी बघून वाढत नाही, तू गेल्यावर वाढते." राहते नणंदेबरोबर, इस्त्रीच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत. दोघींचे नवरे गेले, भांडणं राहिली. खिडकी उघडी ठेवायची की बंद, यावर वीस वर्षं वाद चाललाय आणि दोघींपैकी एकही घर सोडून जात नाही. आक्का रोज सकाळी येऊन आधी वन्संची गाऱ्हाणी सांगणार, मग चाकूला धार लावणार. चाकू तिचा स्वतःचा, लाकडी मुठीचा. मुठीवर तिच्या अंगठ्याचा खळगा पडलाय.

तर यंदा आमच्या मॅडमना लिंबाच्या कलमांचं मोठं काम मिळालं. मॅडम म्हणजे नर्सरीच्या मालकीण, माणूस सरळ, पण आकड्यांपुढे कुणाचं ऐकायच्या नाहीत. कलमाच्या टेबलाशी त्या वेळी दोघी होत्या. आक्का, आणि दुसरी, सहा महिन्यांपूर्वी आलेली तरणी बाई, तिला सगळे नवी म्हणतात. चांगली पोरगी. भराभर बांधते, तोंडातून शब्द नाही. मॅडम म्हणाल्या, "खिडकीचं टेबल एकीला देणार. मुख्य काम तिचं. दुसरीने पिशव्या भरायच्या. कुणाची कलमं जास्त जोमाने वाढतात ते मोजू आणि ठरवू. दोघींच्या दहा-दहा कुंड्या, तीन आठवडे."

आक्का हसली. "मोजा की. सव्वीस वर्षं मोजलं नाहीत, आत्ता मोजा."

मोजायचं कसं, तर फोटो काढून. कुंडीजवळ खोडाला अगदी लागून स्टीलची फूटपट्टी उभी धरायची, शून्य खाली मातीला टेकवून. आमच्या कुंडीत माती नसते, नारळाचा भुसा असतो, पण सगळे मातीच म्हणतात. शेजारी चिठ्ठी, तिच्यावर कुंडीचा नंबर आणि तारीख. मोबाइल शेंड्याच्या उंचीला सरळ धरायचा, वरून नाही, खालून नाही. तीन आठवड्यांनी परत तसाच फोटो. शेंडा पट्टीच्या कुठल्या आकड्याला लागला तो वाचायचा, दुसऱ्यातून पहिला वजा करायचा, आणि मधे जितके दिवस गेले त्यांनी भागून साताने गुणायचं. आठवड्याला किती वाढलं ते निघालं. पट्टी खोडाला लागून असली की मोबाइल जवळ धरला काय, लांब धरला काय, फरक पडत नाही. शेंडा आणि आकडा एकत्रच लहानमोठे होतात. मॅडमनी नियम घातला की ज्या बाईची कुंडी, तिनेच पट्टी धरायची. म्हणजे कुणी कुणावर संशय घ्यायला नको.

महिन्याच्या तीन तारखेला सकाळी नवीच्या दहा कुंड्यांचे फोटो काढले. तिने पट्टी टेकवली, मी बटण दाबलं. वीस मिनिटांत मोकळ्या. दुपारी आक्काच्या कुंड्या. आक्काने पट्टी धरली. फोटो काढला, बघितला, तर पट्टीवरच्या रेघा पुसलेल्या. वाटलं माझाच हात हलला. परत काढला. कुंडी स्वच्छ, खोड स्वच्छ, चिठ्ठीवरची तारीख स्वच्छ. धूसर काय, तर फक्त पट्टी आणि आक्काची बोटं.

मी मान वर करून पाहिलं. तिचा उजवा हात थरथरत होता. फार नाही. आपण ओझं खाली ठेवल्यावर हात जसा थोडा वेळ हलतो, तसा. फक्त हा थांबत नव्हता.

"आक्का, हे कधीपासून?"

"काढ गं फोटो."

"निघत नाही ना!"

"थांब जरा. मिनिटभराने बसतो तो."

मिनिटभर. मला मिनिटभर थांबायला सांगितलं, बघा. मागे गाडीत रोपं चढवायची होती, ड्रायव्हर हॉर्न मारत होता, आणि खरं सांगते, त्या हाताकडे बघवत नव्हतं. मला राग आला. कशाचा ते आजही नीट सांगता येणार नाही. मी तिच्या हातातून पट्टी खसकन ओढली आणि म्हटलं, "दे इकडे, खुपसून टाकते." आणि पट्टी भुशात रोवली. ती आपली आपण उभी राहिली, न हलता, झकास. दहाही कुंड्यांना तसंच केलं. दहा मिनिटांत काम फत्ते.

आक्का म्हणाली, "कुणाला सांगू नकोस."

"काय सांगायचंय त्यात," मी म्हटलं आणि गाडीकडे पळाले.

तिच्या सांगण्याचा अर्थ हात असा होता, पट्टी नाही, हे दोघींनाही ठाऊक होतं. पट्टीचं तर कुणाच्या डोक्यातही नव्हतं.

चोवीस तारखेला दुसरे फोटो. तोवर मॅडमनी सुताराकडून पट्टीला लाकडी ठोकळा बसवून घेतला होता. शून्य बरोबर ठोकळ्याच्या बुडाशी, ठोकळा मातीवर ठेवला की पट्टी ताठ उभी. कुणी धरायलाच नको. मी आक्काकडे बघितलं, तिने सुस्कारा सोडला. वीसच्या वीस फोटो स्वच्छ आले. मी आकडे वाचून सगळे मॅडमना पाठवून दिले.

शुक्रवारी मॅडमनी दोघींना ऑफिसात बोलावलं, मला वहीसकट. ऑफिस म्हणजे पत्र्याची एक खोली, एक पंखा, आणि खतांच्या पिशव्यांचा वास. मॅडमनी कागद पुढे सरकवला. नवीची कलमं, सरासरी आठवड्याला दोन पूर्णांक सात सेंटिमीटर. आक्काची, एक पूर्णांक सहा.

नवीने मान खाली घातली, जशी काही तिचीच चोरी पकडली.

"आक्का," मॅडम म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज मऊ होता हे कबूल करायला हवं, "मला हे करायला आवडत नाही. पण हजारो कलमांचं काम आहे. उद्यापासून टेबलाशी नवी बसेल. तू पिशव्यांकडे ये. सावलीत काम आहे, दमणूक नाही."

आक्काने कागद उचलून डोळ्यांजवळ नेला. डाव्या हाताने. उजवा पदराखाली होता. "एक पूर्णांक सहा," ती म्हणाली. मग कागद ठेवला आणि म्हणाली, "बरं."

बरं! सव्वीस वर्षांनी माणूस बरं म्हणतो? मला वाटलं होतं ती आकाशपाताळ एक करेल. ती बाहेर गेली, टेबल पुसलं, चाकूला तेल लावलं, फडक्यात गुंडाळून पिशवीत टाकला. मी तिच्यामागे घुटमळत होते. तशी म्हणाली, "वन्सं हल्ली मला अर्धाच कप चहा देतात. काही न बोलता. मला वाटायचं चिक्कूपणा करतायत." आणि निघून गेली.

घरी मला जेवण गेलं नाही. उठले, बसले, गॅलरीत गेले, आत आले. नवरा म्हणाला, "काय चाललंय? जमीन झिजवतेस का?" मी म्हटलं, "आक्काची कलमं हळू वाढली." तो म्हणाला, "मग?" मग काय ते मला सांगता येईना. आकडे खोटे म्हणावेत तर मीच वाचलेले. पण मी त्या कुंड्या रोज बघते. पाणी घालताना, पानं पुसताना. दोघींच्या कुंड्या शेजारी शेजारी आहेत आणि मला कधी वाटलं नाही की एक रांग मागे आहे. शेवटी मोबाइल घेऊन बसले. आक्काची सात नंबरची कुंडी, तीन तारीख आणि चोवीस तारीख, एकाखाली एक.

तीन तारखेला शेंडा एकोणीस पूर्णांक चारला. चोवीसला चोवीस पूर्णांक दोनला. वजाबाकी चार पूर्णांक आठ, तीन आठवडे, आठवड्याला एक पूर्णांक सहा. अगदी बरोबर. मी परत वाचलं. परत तेच. मोबाइल आपटावासा वाटला.

मग उगाच, हातांना चाळा म्हणून, फोटो मोठा केला आणि बोटाने वरखाली सरकवत राहिले. टेप दिसली. आक्का टेपचा शेवटचा वेढा असा बसवते की वरचा काठ अगदी सरळ येतो. तिची ती सहीच. तो काठ कुठल्या आकड्याला आहे ते मी सहज पाहिलं. तीन तारखेला अकरा पूर्णांक दोन. चोवीस तारखेला आठ पूर्णांक दोन.

मी उभीच राहिले.

अहो, सांधा खाली कसा येईल? झाड वाढतं ते शेंड्याकडून. खालचा खुंट एकदा लाकूड झाला की जाडीला वाढतो, लांबीला नाही. खोडावर जिथं टेप बांधली तिथंच ती राहणार. वर जाणार नाही, आणि खाली तर मुळीच नाही. तीन सेंटिमीटर खाली! म्हणजे सरकला तो सांधा नव्हे. पट्टी सरकली. तीन तारखेला पट्टी मातीवर टेकलेलीच नव्हती, तीन सेंटिमीटर आत गाडलेली होती. मी गाडली होती. रोप साडेसोळाच्या आतबाहेर होतं आणि मी त्याला साडेएकोणीसच्या घरात नेऊन बसवलं. फोटोत कुंडीचा काठ पुढे येतो, माती दिसतच नाही, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही.

आता काय करायचं तेही त्याच टेपने सांगितलं. शून्य कुठंही असू दे. सांध्यापासून शेंड्यापर्यंतचं अंतर घ्यायचं. तीन तारखेला एकोणीस पूर्णांक चारातून अकरा पूर्णांक दोन गेले, आठ पूर्णांक दोन उरले. चोवीसला चोवीस पूर्णांक दोनातून आठ पूर्णांक दोन गेले, बरोबर सोळा. वाढ सात पूर्णांक आठ. तीनाने भागा. दोन पूर्णांक सहा!

मी दहाही कुंड्या तशाच काढल्या. कुठं पट्टी अडीच रुतली होती, कुठं साडेतीन. मग नवीच्याही दहा काढल्या, नाहीतर मी पक्षपात केला असं झालं असतं. तिचे सांधे दोन्ही फोटोंत जागच्या जागी होते आणि तिचा आकडा हललाच नाही. दोन पूर्णांक सात तर दोन पूर्णांक सात. आक्काची सरासरी दोन पूर्णांक सहा. नवरा म्हणाला, "आता तरी बसशील का?" कशी बसू? सगळी चूक माझी. आणि ती सांगायची म्हटलं तर मॅडम विचारणारच, का खुपसलीस?

शनिवारी मी शिपायाच्याही आधी नर्सरीत हजर. आक्का आली ती थेट पिशव्यांच्या ढिगाकडे निघाली होती. तिला मी पाण्याच्या टाकीमागे ओढलं आणि सगळं घडाघडा सांगितलं. वाटलं होतं मला शिव्या घालेल. ती म्हणाली, "म्हणजे वाढली माझी कलमं?"

"वाढली. नवीच्या बरोबरीने वाढली."

तिने डोळे मिटले. मग म्हणाली, "रात्रभर मला वाटत होतं, हाताने दगा दिला. पाचर नीट बसली नसणार, सांधे कच्चे राहिले असणार. सव्वीस वर्षांत असं कधी वाटलं नव्हतं गं."

मला रडू आलं. माझ्या एका मिनिटाच्या घाईपायी ती बाई रात्रभर स्वतःच्या हाताला दोष देत पडली होती. मी म्हटलं, "मी सांगते मॅडमना. तुझ्या हाताचं नाव काढणार नाही. घाईत खुपसली म्हणेन. ते खोटंही नाही, माझा स्वभाव सगळ्यांना माहीत आहे."

मॅडमनी शांतपणे ऐकलं. दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावून टेपचा काठ स्वतः वाचला. मग म्हणाल्या, "मधे कुणी वरून भुसा घातला असेल तर? मातीच तीन सेंटिमीटर वर आली असेल. मग पट्टी बरोबर टेकवूनही सांधा खालीच दिसेल."

बाई हुशार आहे, उगाच मालकीण नाही. मी म्हटलं, "घातला नाही. पण घातला असता तरी सांधा ते शेंडा हे अंतर तेच राहतं ना? माती वर येऊ दे नाहीतर पट्टी खाली जाऊ दे. दोन्ही टोकं खोडावरचीच धरलीत की बाकीचं काहीही हलो."

त्यांनी पेन घेऊन स्वतः तीन कुंड्यांचा हिशेब केला. तिन्ही जमल्या. "दोन पूर्णांक सहा," त्या म्हणाल्या. "म्हणजे दोघी सारख्याच. एका मिलिमीटरपायी टेबल हलवणार नाही मी. बरं झालं सांगितलंस." आणि मला वाटलं सुटले. तेवढ्यात त्यांनी मान वर केली. "पण नवीच्या कुंड्यांना नाही खुपसलीस. त्याच दिवशी काढलेत फोटो. आक्काच्याच दहाला का? आणि नियम होता, जिची कुंडी तिने पट्टी धरायची."

गाडी आली होती म्हटलं. हॉर्न वाजत होता म्हटलं.

"माझा हात थरथरतो म्हणून," दारातून आवाज आला.

आक्का उभी होती. उजवा हात पदराबाहेर, सगळ्यांसमोर, हलत होता. मला धरणीत गडप व्हावंसं वाटलं. गप्प बसली असती तर टेबल तिचंच होतं. मी डोळ्यांनी खुणा केल्या, तिने बघितलंच नाही.

"पट्टी धरता येईना मला," आक्का म्हणाली. "ही बिचारी काय करणार. चूक तिची नाही. म्हणजे, आहेच, पण तेवढी नाही."

मॅडमनी विचारलं, "मग ही कलमं कुणी बांधली?"

"मीच. दुसरं कोण बांधणार?"

"या हाताने?"

आक्का बाहेर जाऊन एक खुंट आणि एक काडी घेऊन आली, पिशवीतून चाकू काढला आणि मॅडमच्याच टेबलावर, कागद बाजूला सारून, काम सुरू केलं. चाकूची मूठ त्या खळग्यात बसली आणि हात थांबला. खरंच थांबला. चीर, पाचर, टेप, एकही काप चुकला नाही. वरचा काठ सरळ. कलम खाली ठेवलं, चाकू ठेवला, हात मोकळा सुटला, आणि परत हलायला लागला.

"काम दिलं की विसरतो," आक्का म्हणाली. "रिकामा राहिला की त्याला आठवतं. काही धरून नुसतं उभं राहायचं म्हटलं तर फारच."

"डॉक्टरांना दाखवलंस?"

"दाखवलं. गोळ्या चालू आहेत. म्हणाले, वाढत जाईल. किती आणि कधी, ते सांगता येत नाही म्हणाले."

मॅडमनी ते कलम उचलून उजेडाला धरलं. मग म्हणाल्या, "टेबल तुझंच. कलमं तशी सांगतायत. पण आक्का, एक दिवस चाकू घसरेल. किती दिवस तुला बसवू? मला कसं कळायचं?"

आक्काने माझ्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर मी कधी भीती पाहिली नव्हती, ती तेव्हा पाहिली, आणि तिच्या मागोमाग तो नेहमीचा खट्याळपणाही. "ही घाईबाई कशाला ठेवलीय? मोजेल की. दोन फोटो, दोन तारखा, शेजारी पट्टी."

आम्ही ते सोमवारी केलं. खिडकीतला तोच उजेड, सकाळी नऊ, तिची गोळी घेऊन तासभर झालेला. पट्टी टेबलावर आडवी चिकटवली. आक्काने कुंडीत खोचायची पांढरी खूणपट्टी बोटांत धरली, टोक फूटपट्टीच्या वरती. मोबाइल स्टँडला लावून दोन सेकंद उघडा राहणारा संथ फोटो काढला, म्हणजे तेवढ्यात जे हलेल त्याचा फराटा उमटतो. टोकाचा फराटा किती रेघांवर पसरला ते मोजलं. चार मिलिमीटर. चिठ्ठीवर तारीख घातली. आक्का म्हणाली, "दहा झाले की मी चाकू ठेवणार. आकडा मी सांगतेय, मॅडम नाही."

चार आठवडे मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. ती कप उचलायची की माझी नजर कपावर. ती ओरडायची, "बघून वाढत नाही म्हटलं ना!" आणि मग दोघीही गप्प. कारण हे असं होतं की ते वाढू नये म्हणून मी जीव टाकत होते.

अठ्ठावीस दिवसांनी परत सकाळी नऊ, तोच उजेड, तीच गोळी. फोटो निघाला. मी मोठा करून रेघा मोजल्या. एकदा, दोनदा. सहा. माझ्या जिभेवर पाच आलं होतं, देवाशपथ. एका मिलिमीटरने कुणाचं काय बिघडणार होतं? चार आठवड्यांत एक म्हणजे जवळपास काहीच नाही, पाचेक महिने तरी निभलं असतं.

"खरं वाच," आक्का म्हणाली. "यात पट्टी खुपसू नकोस."

"सहा."

"चारातून सहा. म्हणजे दोन. चार आठवडे. आठवड्याला अर्धा." तिचा हिशेब माझ्याआधी झाला. "दहाला चार उरले. आठ आठवडे."

"दोनच फोटो आहेत, आक्का," मी म्हटलं, माझा आवाज चढला होता. "दोन फोटोंवरून फक्त सरासरी कळते. मधे थांबला असेल, पुढे थांबेल, गोळी बदलतील, याच चालीने जाईल असं कुणी लिहून दिलंय? झाडंसुद्धा रोज सारखी वाढत नाहीत!"

"नाही ना. पण पिशव्या किती लागतील ते तू त्याच आकड्यावरून काढतेस." ती उठली. तिने आपलं स्टूल उचललं, टेबलाच्या उजव्या बाजूला नेऊन ठेवलं, भिंतीकडे, जिथं उजेड कमी येतो. मग पिशव्यांच्या ढिगाकडे तोंड करून हाक मारली, "ए नवी! ये इकडे. खिडकीशी बस. टेपचा शेवटचा वेढा कसा घ्यायचा ते आजपासून शिकायचं."

नवी हात पुसत आली आणि बिचकून उभीच राहिली. त्या जागेवर बसायचं म्हणजे काय, ते तिलाही माहीत होतं.

"बस गं," आक्का म्हणाली. "आठ आठवडे आहेत. घाई नाही."

मी तिसऱ्या फोटोची तारीख वहीत लिहिली.